वीज आणि अनामत

१५ सप्टेंबर २०२२ रोजी भारतात दुपारचे बारा वाजून बारा मिनिटे झाली असताना इथेरियमच्या साखळीला १,५५,३७,३९३ क्रमांकाचा ब्लॉक जोडला गेला. मायनिंगने तयार झालेला हा तिचा शेवटचा ब्लॉक. त्यानंतरचा ब्लॉक कोणत्याही मायनरने शोधला नाही. ज्यांनी आपले ईथर अनामत म्हणून अडकवून ठेवले होते, त्यांच्यातल्या एकाची पाळी आली, त्याने ब्लॉक मांडला, बाकीच्यांनी त्यावर सह्या केल्या आणि साखळी पुढे चालू लागली. खाती तीच राहिली, त्यांतली शिल्लक तीच राहिली, साखळीवरचे करार तसेच चालू राहिले. ज्याने त्या मिनिटाला कोणाला पैसे पाठवले असतील त्याला काही बदलल्याचे कळलेही नसेल. मात्र जगभरच्या गोदामांत आणि घरांतल्या खोल्यांत दिवसरात्र तापत असलेली लाखो ग्राफिक्स कार्डे एका क्षणात या कामापुरती निरुपयोगी झाली. या बदलाला ‘मर्ज’ म्हणतात.

प्रूफ ऑफ वर्क आणि प्रूफ ऑफ स्टेक या दोन पद्धतींची ओळख करून देणारे हे पुस्तक मर्जपासून सुरू होते, कारण त्या दिवशी एकाच साखळीवर दोन्ही पद्धती लागोपाठ पाहायला मिळाल्या. एरवी ही तुलना बिटकॉइन एकीकडे आणि दुसरे एखादे नाणे दुसरीकडे ठेवून केली जाते. मग वय, किंमत, वापर, माणसे सगळेच वेगळे असल्यामुळे नेमका कोणता फरक पद्धतीमुळे पडला ते सांगता येत नाही. इथेरियममध्ये बाकी सगळे स्थिर ठेवून फक्त ‘पुढचा ब्लॉक कोणाचा’ हे ठरवण्याची रीत बदलली.

ही रीत मुळात लागते कशाला? साखळी म्हणजे व्यवहारांची वही. तिच्या हजारो प्रती हजारो संगणकांवर असतात आणि मूळ प्रत अशी कोणतीच नसते. वहीत पुढचे पान कोणी लिहायचे हे मतदानाने ठरवायचे म्हटले, तर एक माणूस इंटरनेटवर दहा लाख खोटी नावे घेऊन दहा लाख मते टाकू शकतो. नावे फुकट मिळतात, म्हणून मत नावाला जोडता येत नाही. ते अशा कशाला तरी जोडावे लागते जे फुकट मिळत नाही आणि ज्याची नक्कल करता येत नाही. मायनिंगमध्ये ते खर्च झालेल्या विजेला जोडलेले असते, स्टेकिंगमध्ये अडकवलेल्या पैशाला. पुढचे सगळे फरक, वीजवापराचे आणि सुरक्षेचेही, या एका निवडीतून निघतात. म्हणूनच ‘वीज कमी लागते’ आणि ‘सुरक्षित आहे’ ही दोन वाक्ये वेगवेगळी तपासता येत नाहीत, असे माझे म्हणणे आहे. मायनिंगमध्ये वीज हीच सुरक्षा असते. ती काढून टाकली की तिच्या जागी काय ठेवले हे पाहावेच लागते.

आधी मायनिंग पाहू. मायनर ‘अवघड गणित सोडवतात’ असे वर्तमानपत्रांत अनेकदा छापून येते. प्रत्यक्षात त्यात सोडवण्यासारखे काही नसते. ब्लॉकची माहिती आणि एक मनाला येईल तो आकडा एकत्र करून हॅश नावाच्या सूत्रातून काढायचा. येणारे उत्तर ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान असले तर ब्लॉक तुमचा, नसले तर आकडा बदलून पुन्हा. उत्तर काय येईल याचा आधी अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे हुशारीचा उपयोग नाही. ज्याची यंत्रे सेकंदाला जास्त प्रयत्न करतील त्याला ब्लॉक मिळण्याची शक्यता जास्त. मात्र सापडलेले उत्तर बरोबर आहे की नाही, हे कोणताही साधा संगणक क्षणात तपासू शकतो. शोधणे महाग आणि तपासणे स्वस्त, या विषमतेवर सगळी पद्धत उभी आहे.

यंत्रे वाढली म्हणून ब्लॉक भराभर निघत नाहीत. साखळी स्वतःच मर्यादा घट्ट करते. बिटकॉइनमध्ये दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, ही काठिण्यपातळी नव्याने ठरते, जेणेकरून सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक निघत राहावा. इथेरियममध्ये ती प्रत्येक ब्लॉकला थोडी थोडी बदलत असे आणि ब्लॉक साधारण तेरा सेकंदांनी येई. याचा परिणाम नीट लक्षात घ्यायला हवा. दुप्पट यंत्रे लावली तरी व्यवहार तेवढेच होतात, वीज मात्र दुप्पट जाते.

मग किती यंत्रे लागतील हे कोण ठरवते? नाण्याचा भाव. मर्जच्या आधी इथेरियम दर ब्लॉकला दोन ईथर बक्षीस देत असे, आणि इतर लहान बक्षिसे धरून दिवसाला सुमारे तेरा हजार नवे ईथर मायनरांकडे जात. ईथरचा भाव वाढला की या तेरा हजारांची किंमत वाढे आणि आणखी कोणाला तरी यंत्रे विकत घेणे परवडू लागे. ही भर विजेचा खर्च कमाईच्या जवळ पोचेपर्यंत चाले. म्हणजे वीजवापर हा त्या बक्षिसाच्या किमतीशी बांधलेला असतो, व्यवहारांच्या संख्येशी नाही. ‘एका व्यवहाराला इतके युनिट वीज’ हा लोकप्रिय आकडा त्यामुळे फसवा आहे. व्यवहार निम्मे झाले तरी वीज निम्मी होत नाही, भाव निम्मा झाला तर होऊ शकते.

या विजेच्या बदल्यात मिळते काय? जुनी पाने बदलणे महाग होते. कोणाला कालचा व्यवहार पुसायचा असेल तर कालपासूनचे सगळे ब्लॉक त्याला पुन्हा शोधावे लागतील, आणि बाकीचे मायनर पुढे जात असताना त्यांना गाठून मागे टाकावे लागेल. त्यासाठी साखळीवरच्या एकूण ताकदीच्या निम्म्याहून अधिक ताकद हाती हवी. बिटकॉइनच्या बाबतीत ही यंत्रे केवळ त्याच प्रकारच्या कामासाठी बनलेली असतात आणि तेवढी एकदम बाजारात मिळतच नाहीत. लहान साखळीची गोष्ट मात्र अगदी वेगळी असते.

इथेरियम क्लासिकचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. २०१६ साली इथेरियमची साखळी दुभंगली तेव्हा मागे राहिलेली ही शाखा. २०२० मध्ये तिचे मायनिंग मोठ्या इथेरियमच्याच सूत्राने चालत असे, पण तिच्यावरची ताकद थोरल्या साखळीच्या तुलनेत अगदी थोडी होती. शिवाय मायनिंगची ताकद तासाच्या हिशेबाने भाड्याने देणारे बाजार होते. म्हणजे थोरल्या साखळीसाठी घेतलेली यंत्रे कोणीही काही तासांपुरती धाकटीकडे वळवू शकत होता.

३१ जुलैला हल्लेखोराने तेच केले. भाड्याच्या ताकदीवर तो आपली एक खाजगी साखळी बनवू लागला आणि ती कोणाला दाखवली नाही. त्याच वेळी उघड्या साखळीवर त्याने आपली नाणी एक्स्चेंजमध्ये जमा केली, ती विकली आणि मिळालेले पैसे बाहेर काढून घेतले. खाजगी साखळीत मात्र तीच नाणी त्याने स्वतःच्याच दुसऱ्या खात्यांत पाठवल्याची नोंद केली. सुमारे बारा तासांनी त्याने ही लपवलेली साखळी जाहीर केली. तिच्यात काम जास्त भरले होते, त्यामुळे नियमाप्रमाणे प्रत्येक संगणकाने तीच खरी मानली आणि उघड्या साखळीतले ३,६९३ ब्लॉक रद्द झाले. एक्स्चेंजमधली जमा नाहीशी झाली, बाहेर गेलेले पैसे बाहेरच राहिले. सुरुवातीला हा हल्ला आहे हे लोकांच्या लक्षातही आले नाही. एखाद्या मोठ्या मायनरचे इंटरनेट काही तास तुटले असावे, असा समज झाला. बिटक्वेरी या विश्लेषण संस्थेने नंतर हिशेब मांडला. तिच्या मते ताकदीचे भाडे सुमारे १ लाख ९२ हजार डॉलर पडले आणि दोनदा खर्चलेली नाणी सुमारे ५६ लाख डॉलरांची होती. त्या ब्लॉकांची बक्षिसेही हल्लेखोरालाच मिळाली. पुढच्या महिन्यात, ऑगस्टमध्ये, साखळीवर असे आणखी दोन हल्ले झाले आणि प्रत्येक वेळी रद्द झालेल्या ब्लॉकांची संख्या वाढत गेली.

हल्ला संपल्यावर काय उरले, हा यातला कळीचा मुद्दा आहे. भाड्याची यंत्रे मालकाकडे जशीच्या तशी परत गेली. साखळी त्यांना शिक्षा करू शकत नव्हती, कारण यंत्रे साखळीच्या बाहेर आहेत. तिला ती दिसतही नाहीत. तिच्यापर्यंत पोचतो तो फक्त त्यांच्या कामाचा पुरावा.

प्रूफ ऑफ स्टेकमध्ये साखळीच्या हातात पहिल्यांदा शिक्षेचे साधन येते. निवडणुकीला उभे राहताना भरलेली अनामत जशी जप्त होऊ शकते, तशीच इथे किमान ३२ ईथरची अनामत असते. ती भरणाऱ्याला व्हॅलिडेटर म्हणतात. इथेरियमने काळाचे बारा सेकंदांचे तुकडे केले आहेत. प्रत्येक तुकड्याला यदृच्छेने एक व्हॅलिडेटर निवडला जातो आणि तो ब्लॉक मांडतो. असे ३२ तुकडे मिळून ६.४ मिनिटांचा एक कालखंड होतो, आणि त्या कालखंडात प्रत्येक व्हॅलिडेटर एकदा मत देतो, म्हणजे ‘मला हा ब्लॉक मान्य आहे’ असे सही करून सांगतो. एकूण अनामतीच्या दोन तृतीयांश मते एका टप्प्यामागे उभी राहिली आणि पुढच्याही टप्प्याला तशीच मिळाली, की आधीचा टप्पा पक्का होतो. सगळे सुरळीत असेल तर याला तेरा मिनिटांच्या आसपास लागतात.

‘पक्का’ या शब्दाला इथे मायनिंगपेक्षा वेगळे वजन आहे. मायनिंगमध्ये व्यवहार कधीच पूर्ण पक्का होत नाही, फक्त तो पुसणे उत्तरोत्तर महाग होत जाते. स्टेकिंगमध्ये एकमेकांशी न जुळणारे दोन टप्पे पक्के व्हायचे असतील, तर दोन्हींना दोन तृतीयांश मते हवीत. म्हणजे किमान एक तृतीयांश अनामतीच्या मालकांनी दोन्हीकडे सही केलेली असणार. त्या दोन सह्या हाच गुन्ह्याचा पुरावा. तो कोणीही साखळीला सादर करू शकतो, त्यासाठी न्यायाधीश लागत नाही. मग त्या व्हॅलिडेटरची अनामत कापली जाते आणि त्याला बाहेर काढले जाते. मर्जच्या वेळच्या नियमानुसार पहिला दंड एका ईथरचा होता. मे २०२५ च्या पेक्ट्रा सुधारणेत तो पुष्कळ कमी केला गेला, पण दुसरा भाग तसाच आहे. त्याच सुमारास जितके जास्त लोक पकडले जातील तितका प्रत्येकाचा दंड वाढतो, आणि एक तृतीयांश अनामत एकत्र पकडली गेली तर दोषींची सगळी रक्कम जाते. एकट्याची चूक स्वस्तात सुटावी आणि संगनमत बुडीत जावे, हा त्यामागचा हिशेब. आजवर ज्यांना दंड झाला त्यांतले बहुतेक चोर नव्हते. एक संगणक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून त्यांनी एकच चावी दोन ठिकाणी चालू ठेवली आणि दोन्हींनी वेगवेगळी सही केली. व्हॅलिडेटर होऊ पाहणाऱ्याने हे पहिल्यांदा शिकावे. काही तास बंद राहण्याचे नुकसान किरकोळ असते, दोनदा सही करण्याचे नसते.

मर्जच्या दिवशी १ कोटी ३० लाखांहून अधिक ईथर असे अडकलेले होते. त्याचा तिसरा हिस्सा त्या दिवसाच्या भावाने सहा अब्ज डॉलरांहून जास्त होतो. पक्का झालेला टप्पा उलटवू पाहणाऱ्याला एवढी रक्कम जाळावी लागली असती, आणि ती परत कोणाला भाड्याने देता आली नसती. इथेरियम क्लासिकवरच्या १ लाख ९२ हजार डॉलरांच्या भाड्याशेजारी हा आकडा ठेवताना साखळ्यांच्या आकारातला फरक विसरू नये. तरीही हल्ल्यानंतर हल्लेखोराच्या हाती काय उरते, या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे मुळातच वेगळे आहे.

विजेचे आकडे आता समजायला सोपे जातील. क्रिप्टो कार्बन रेटिंग्ज इन्स्टिट्यूट या संस्थेच्या अंदाजाने मर्जआधी इथेरियम वर्षाला सुमारे २३ टेरावॉट-तास वीज वापरत होते. आपल्या वीजबिलाच्या भाषेत २,३०० कोटी युनिट. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. तो वर्षभर एक मिनिटही न थांबता पूर्ण क्षमतेने चालला, जे कधीच होत नाही, तरी सुमारे १,७०० कोटी युनिट निघतील. मर्जनंतर इथेरियमचा वार्षिक वापर सुमारे २६ लाख युनिटांवर आला. म्हणजे ९९.९ टक्क्यांहून अधिक घट. व्हॅलिडेटरला घरगुती दर्जाचा संगणक पुरतो आणि एकाच संगणकावर अनेक व्हॅलिडेटर चालू शकतात, त्यामुळे अनामत दुप्पट झाली म्हणून वीज दुप्पट होत नाही. रोज निर्माण होणारे नवे ईथरही तेरा हजारांवरून सुमारे सतराशेवर आले, कारण ज्यांना विजेचे बिल भरायचे नाही त्यांना तेवढे बक्षीस द्यावे लागत नाही.

ही घट खरी आहे आणि ती माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत मोठी तांत्रिक कामगिरी आहे. पण विजेची जागा ज्याने घेतली त्याच्याही अडचणी आहेत, आणि त्या लपवल्या जाऊ नयेत.

११ आणि १२ मे २०२३ रोजी इथेरियमवर टप्पे पक्के होणे थांबले. पहिल्या दिवशी सुमारे पंचवीस मिनिटे, दुसऱ्या दिवशी तासाहून अधिक. हल्ला झाला नव्हता. जुन्या टप्प्याचा हवाला देणारी बरीच मते आली, आणि प्रिझम व टेकू ही दोन सॉफ्टवेअरे प्रत्येक मत तपासण्यासाठी साखळीची जुनी स्थिती पुन्हा पुन्हा उभी करू लागली. संगणकांची स्मृती आणि प्रोसेसर त्या भाराने दमले आणि त्यांच्याकडून मते वेळेवर येईनात. दोन तृतीयांशाचा आकडा गाठला जाईना. लाइटहाउस हे तिसरे सॉफ्टवेअर अशी मते बाजूला टाकत असल्यामुळे चालू राहिले, ब्लॉक येत राहिले, आणि साखळी पुन्हा मार्गावर आली. सगळे व्हॅलिडेटर एकाच सॉफ्टवेअरवर असते तर हे इतक्या सहज निभावले नसते. त्याहून वाईट शक्यता म्हणजे दोन तृतीयांशाहून अधिक लोक वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमध्येच चूक असणे. मग चुकीचा टप्पा पक्का होईल, आणि तिथून परतू पाहणाऱ्या प्रामाणिक माणसांचीच अनामत कापली जाईल. मायनिंगमध्ये अशा चुकीनंतर मायनर योग्य शाखेकडे वळतो आणि त्याचे नुकसान वाया गेलेल्या विजेपुरते राहते. शिक्षेचे साधन हाती आले की ते चुकून चालण्याचा धोकाही येतो. म्हणून आपण कोणते सॉफ्टवेअर चालवतो आणि बाकीचे कोणते चालवतात, हे पाहणे व्हॅलिडेटरच्या कामाचाच भाग आहे.

दुसरी अडचण नव्याने येणाऱ्या संगणकाची. बिटकॉइनचा नवा संगणक कोणालाही न विचारता, पहिल्या ब्लॉकपासून सगळ्या शाखा तपासून सर्वांत जास्त काम भरलेली शाखा ओळखू शकतो, कारण जुने काम आज खोटे बनवायलाही वीज खर्चून तेवढेच प्रयत्न करावे लागतात. सहीला मात्र वीज लागत नाही. ज्यांनी आपली अनामत काढून घेतली आहे त्यांच्या जुन्या चाव्या कोणी जमवल्या, तर तो जुन्या काळापासून एक समांतर खोटा इतिहास फुकटात लिहू शकतो, आणि जप्त करायला त्यांच्यापाशी काही उरलेलेही नसते. यावरचा उपाय असा की नवा किंवा बराच काळ बंद असलेला संगणक अलीकडच्या एखाद्या पक्क्या टप्प्याची खूण विश्वासाच्या जागेवरून घेतो आणि तिथून पुढे तपासतो. व्यवहारात याचा फारसा त्रास होत नाही. पण कोणावरही न विसंबण्याचा जो दावा बिटकॉइन करते, तो स्टेकिंगची साखळी तितक्या कडकपणे करू शकत नाही, हे मान्य करावे लागते.

तिसरी अडचण प्रवेशाची. २०२१ च्या मे-जूनमध्ये चीनने मायनिंगवर बंदी घातली तेव्हा बिटकॉइनची जवळपास निम्मी ताकद काही आठवड्यांत बंद पडली. ब्लॉक उशिरा येऊ लागले, ३ जुलैला काठिण्यपातळी सुमारे २८ टक्क्यांनी उतरली, आणि वर्ष संपेपर्यंत इतर देशांत यंत्रे उभी राहून ताकद भरून निघाली. कोणी कोणाची परवानगी मागितली नाही. स्टेकिंगमध्ये शिरायचे तर नाणी आधीच्या मालकांकडूनच विकत घ्यावी लागतात. कोणी एकदा बहुमत मिळवले आणि ते सोडायचे नाही असे ठरवले, तर त्याला यंत्रे आणून मागे टाकता येत नाही. तेव्हा उरलेल्यांनी एकत्र येऊन साखळीची वेगळी शाखा काढणे हाच मार्ग राहतो. ही भीती पुस्तकी नाही. लिडो या एकाच स्टेकिंग सेवेकडे २०२३ मध्ये एकूण अनामतीचा तिसरा हिस्सा होत आला होता. मायनिंगमध्येही एकवटणे होते. जून २०१४ मध्ये जीहॅश डॉट आयओ या मायनिंग पूलकडे बिटकॉइनची निम्मी ताकद आली होती, पण त्यातले मायनर आपली यंत्रे लगेच दुसऱ्या पूलकडे वळवू शकत होते. अडकलेली अनामत हलवायला रांग लावावी लागते.

हे सगळे तोलून माझा निष्कर्ष असा आहे. ज्या लहान साखळीचे मायनिंग भाड्याच्या ताकदीने करता येते तिच्यासाठी प्रूफ ऑफ वर्क ही सर्वांत वाईट निवड आहे. वीजही जाते आणि संरक्षणही मिळत नाही. भरपूर अनामत असलेल्या, अनेक सॉफ्टवेअरांवर चालणाऱ्या साखळीसाठी प्रूफ ऑफ स्टेक ही योग्य निवड आहे, मात्र तिची सुरक्षा आपोआप मिळत नाही, ती चालवणाऱ्यांनी जागरूक राहून टिकवावी लागते. बिटकॉइन आजही मायनिंगवरच आहे. केंब्रिज विद्यापीठाने २०२५ मध्ये त्याचा वार्षिक वापर सुमारे १३८ टेरावॉट-तास, म्हणजे १३,८०० कोटी युनिट, असल्याचा अंदाज केला. ही स्वतंत्रपणे तपासता येणाऱ्या इतिहासाची किंमत आहे, असे त्याचे समर्थक म्हणतात, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. पण यावाचून दुसरा मार्गच नाही, असे मात्र १५ सप्टेंबर २०२२ नंतर म्हणता येत नाही.